राफ्टचा हिशेब: नकाशावरच्या मापांतून काँक्रीट आणि जाळी

राफ्ट म्हणजे संपूर्ण इमारतीखाली सलग घातलेला जाड आरसीसी स्लॅब. नेहमीच्या पायात प्रत्येक कॉलमखाली स्वतंत्र फुटिंग असते आणि दोन फुटिंगांच्या मधली माती मोकळीच राहते. राफ्टमध्ये सगळे कॉलम एकाच स्लॅबवर उभे राहतात आणि इमारतीचे वजन खालच्या सगळ्या जमिनीवर पसरते. जमीन मऊ असेल, भराव टाकलेली असेल किंवा एका कोपऱ्यात मुरूम आणि दुसऱ्या कोपऱ्यात माती लागत असेल, तेव्हा स्ट्रक्चरल इंजिनियर हा पर्याय निवडतो.

ही निवड कशी होते, ते एका घरावरून पाहता येईल. हेच घर या लेखात शेवटपर्यंत उदाहरण म्हणून वापरले आहे. तळमजला आणि वर एक मजला, बाहेरून बाहेर मापे ८.०० मीटर आणि १०.८० मीटर, म्हणजे एका मजल्याचे क्षेत्र ८६.४ चौरस मीटर. कॉलम बारा: आडव्या दिशेला तीन, उभ्या दिशेला चार. भिंती, स्लॅब, माणसे आणि सामान मिळून मजल्यामागे दर चौरस मीटरला ढोबळमानाने सव्वा टन धरले, तर दोन मजल्यांचे २१६ टन होतात. माती परीक्षणात जमीन दर चौरस मीटरला ५ टनच झेलू शकेल असे आले, तर फुटिंगांचे एकूण क्षेत्र ४३ चौरस मीटर लागेल. म्हणजे घराखालची निम्मी जागा फुटिंगांनीच व्यापली. फुटिंगे निम्म्याहून अधिक जागा घेऊ लागली की बारा वेगवेगळे खड्डे, त्यांच्या बारा जाळ्या आणि मधल्या मातीच्या कडा सांभाळत बसण्यापेक्षा सलग राफ्ट सोपा आणि अनेकदा स्वस्तही पडतो. याच घराला राफ्ट घातला, तर राफ्टचे स्वतःचे सुमारे ८० टन धरूनही जमिनीवरचा दाब दर चौरस मीटरला तीन टनांच्या आत राहतो.

इथे काळ्या मातीबद्दल एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. विदर्भ-मराठवाड्यातली काळी कसदार माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. राफ्ट वजन पसरवतो, पण मातीचे फुगणे थांबवत नाही. त्यामुळे अशा जागी काळी माती इंजिनियर सांगेल तितक्या खोलीपर्यंत काढून, तिथे मुरूम थराथराने पाणी मारून आणि रोलर फिरवून दाबावा लागतो, आणि मग त्यावर राफ्ट येतो. माती फार खोलपर्यंत असेल तर राफ्टचा नाद सोडून अंडर-रीम्ड पाइल्सचा विचार होतो. हा निर्णय माती परीक्षणाच्या अहवालावरच व्हायला हवा; शेजारच्या घराला काय केले होते, यावरून तो घेऊ नये.

राफ्टची जाडी किती, सळया किती मिलिमीटरच्या आणि किती अंतरावर, हे ठरवणे इंजिनियरचे काम. भारतात त्यासाठी आयएस २९५० आणि आयएस ४५६ ही मानके वापरली जातात. घरमालकाला आणि ठेकेदाराला जो हिशेब करावा लागतो तो त्यानंतरचा: ड्रॉइंगवरच्या मापांतून काँक्रीट किती मागवायचे आणि लोखंड किती आणायचे. उदाहरणातल्या ड्रॉइंगवर असे लिहिले आहे: राफ्टची जाडी ३०० मिमी, काँक्रीट एम-२५, वर आणि खाली अशा दोन जाळ्या, दोन्हींत १२ मिमीच्या सळया दोन्ही दिशांना १५० मिमी अंतराने, कव्हर सगळीकडून ५० मिमी, राफ्ट इमारतीच्या बाहेर चारही बाजूंना ५०० मिमी, खाली १०० मिमी पीसीसी. ही मापे या एका घराची आहेत, दुसऱ्या घराला ती तशीच लावू नयेत.

हिशेबातली पहिली चूक मापे उचलतानाच होते. आर्किटेक्टच्या नकाशावर खोल्यांची आतली मापे असतात, स्ट्रक्चरल ड्रॉइंगवर कॉलमच्या मध्यापासून मध्यापर्यंतची, आणि महापालिकेच्या किंवा ग्रामपंचायतीच्या मंजूर नकाशावर बाहेरून बाहेरची. राफ्टचे बाहेर येणे कुठून मोजायचे, हे ड्रॉइंगवर पाहूनच ठरवावे. कॉलम २३० मिमी रुंद असेल आणि मध्यरेषेचे माप बाहेरचे समजून धरले, तर प्रत्येक दिशेला २३० मिमीचा फरक पडतो. इथे ५०० मिमी बाहेरच्या कडेपासून आहेत. म्हणून राफ्टची रुंदी ८.०० अधिक दोन वेळा ०.५०, म्हणजे ९.०० मीटर, आणि लांबी तशीच ११.८० मीटर. क्षेत्रफळ १०६.२ चौरस मीटर.

घर सरळ चौकोनी नसेल, एका कोपऱ्यात पार्किंगसाठी किंवा अंगणासाठी खाच सोडलेली असेल, तर हिशेब आणखी एका ठिकाणी घसरतो. समजा कोपऱ्यातून ३ मीटर बाय ३ मीटरचा तुकडा वगळला आहे. राफ्ट भिंतीबाहेर अर्धा मीटर येतो, म्हणून खाच दोन्ही बाजूंनी अर्ध्या मीटरने लहान होईल, असे चटकन वाटते. तसे होत नाही. खाचेच्या आतल्या भिंतीबाहेर राफ्ट अर्धा मीटर पुढे येतो हे खरे, पण राफ्टची बाहेरची कडाही तितकीच पुढे गेलेली असते. खाच जागेवरून सरकते, तिचे माप ३ बाय ३ मीटरच राहते. म्हणून अशा घरासाठी पूर्ण चौकोनाच्या क्षेत्रातून सरळ ९ चौरस मीटर वजा करावेत. खाच लहान धरून ६.२५ वजा केले, तर ३०० मिमी जाडीत सुमारे ०.८ घनमीटर काँक्रीट उगाच मागवले जाईल. उदाहरणातल्या घराला खाच नाही.

आता काँक्रीट. १०६.२ चौरस मीटर गुणिले ०.३० मीटर, म्हणजे ३१.८६ घनमीटर. यातून सळयांनी व्यापलेली जागा वजा करायची नसते. आयएस १२०० या मोजमापाच्या मानकातही ती वजा होत नाही, आणि या राफ्टमध्ये ती जेमतेम एक टक्का भरते. कडेच्या शटरिंगची उंची ३०० मिमी आणि परीघ ४१.६ मीटर, म्हणजे साडेबारा चौरस मीटर फळ्या पुरतात. हिशेबाचा हा भाग एवढाच आहे. त्यातली लांबी आणि रुंदी दोरीने आखल्यावर फारशी चुकत नाहीत. चुकते ती जाडी.

राफ्ट पसरट असतो, त्यामुळे उंचीतली छोटी चूक सगळ्या क्षेत्रफळाने गुणली जाते. या राफ्टखालचा तळ सरासरी १० मिमीने खोल राहिला, तर १.०६ घनमीटर काँक्रीट जास्त लागते. २० मिमीने खोल राहिला तर दोन घनमीटरांहून अधिक, म्हणजे एकूण काँक्रीटच्या सुमारे सात टक्के. उलट तळ १० मिमी उंच राहिला, तर काँक्रीट वाचल्याचे वाटते, पण जाडी २९० मिमीच मिळते, आणि राफ्टची ताकद जाडीवरच अवलंबून असते. म्हणून पीसीसीला किरकोळ समजू नये. ती फक्त सळया मातीला लागू नयेत म्हणून नसते. राफ्टची जाडी खरोखर ३०० मिमी भरावी यासाठी लागणारा समतल पाया ती देते. पीसीसी राफ्टच्या कडेबाहेर १५० मिमी घेतली जाते, म्हणजे शटरिंगची फळी तिच्यावर टेकते. मग पीसीसीचे माप ९.३० गुणिले १२.१० गुणिले ०.१०, म्हणजे सव्वाअकरा घनमीटर. ती घातल्यावर पाण्याच्या लेव्हल ट्यूबने किंवा ऑटो लेव्हलने दर दोन-अडीच मीटरवर लेव्हल घेऊन एका कागदावर उतरवावी. सर्वांत उंच आणि सर्वांत खोल ठिकाण यांतला फरक त्या कागदावर दिसतो, आणि राफ्टला काँक्रीट जास्त लागणार की कमी, हे सळया बांधायच्या आधीच कळते.

साइटवर काँक्रीट करायचे असेल तर ३१.८६ घनमीटरला साहित्य किती? एम-२५ हे डिझाइन मिक्सचे काँक्रीट आहे; आयएस ४५६ ठरावीक प्रमाणाची मिक्स एम-२० पर्यंतच चालवून घेते. खरे प्रमाण लॅबकडून येईल, तरी अंदाजासाठी घनमीटरला साडेसात गोणी सिमेंट धरायला हरकत नाही. म्हणजे २३९ गोणी, फूटतूट धरून २४५. वाळू किंवा क्रश सँड घनमीटरला ०.४५ घनमीटर धरली तर साडेचौदा घनमीटरांच्या आत, आणि एक ब्रास म्हणजे २.८३ घनमीटर, त्यामुळे सुमारे पाच ब्रास. खडी घनमीटरला ०.८५ धरून सत्तावीस घनमीटर, म्हणजे साडेनऊ ते दहा ब्रास.

पण साहित्यापेक्षा वेळेचा हिशेब इथे जास्त महत्त्वाचा. राफ्ट एका दमात, मध्ये थांबल्याशिवाय व्हायला हवा. साधा मिक्सर एका वेळी एक गोणीचे काँक्रीट करतो. २३९ गोणी, प्रत्येक खेपेला चार मिनिटे, म्हणजे एका मिक्सरला सोळा तास लागतील. तोवर सकाळी टाकलेली बाजू कधीच घट्ट झालेली असते आणि नवे काँक्रीट तिच्याशी एकजीव होत नाही. तिथे जो कोल्ड जॉइंट राहतो, त्यातून पुढे पाणी शिरते. म्हणून दोन मिक्सर लावून दिवसभरात संपवावे, किंवा रेडीमिक्स मागवावे. एवढ्या आकाराच्या राफ्टला रेडीमिक्स हाच शहाणा पर्याय आहे, अर्थात गाडी प्लॉटपर्यंत पोहोचत असेल तर.

काँक्रीटनंतर जाळी. राफ्टमध्ये जाळ्या दोन का, हे समजले की पुढच्या बऱ्याच चुका टळतात. घराच्या स्लॅबवर वजन वरून येते आणि तो बीमच्या मध्ये खाली वाकतो. राफ्टवर जमीन खालून वर ढकलते आणि कॉलम त्याला जागोजागी दाबून धरतात. म्हणजे राफ्ट हा उलटा केलेला स्लॅब आहे. दोन कॉलमांच्या मधला भाग वर फुगू पाहतो, तिथे ताण वरच्या बाजूला येतो आणि वरची जाळी कामाला लागते. कॉलमखाली ताण तळाला येतो, तिथे खालची जाळी. फिटरचा हात मात्र रोजच्या स्लॅबवर बसलेला असतो. स्लॅबमध्ये खालच्या सळईचा जोड आधाराजवळ आणि वरच्या सळईचा जोड गाळ्याच्या मध्ये घेतात. राफ्टमध्ये ते उलटे करावे लागते: खालच्या जाळीचे लॅप दोन कॉलमांच्या मध्ये, वरच्या जाळीचे कॉलमच्या ओळीजवळ. शिवाय सगळे लॅप एका रेषेत येऊ न देता आलटून-पालटून घ्यायचे. लॅपची लांबी एफई-५०० सळई आणि एम-२५ काँक्रीटला सळईच्या व्यासाच्या सुमारे पन्नास पट लागते, म्हणजे १२ मिमीला ६०० मिमी.

सळयांची संख्या मोजताना आधी कव्हर वजा करावे. ११.८० मीटर लांबीतून दोन्ही कडांचे ५० मिमी गेले की ११.७० मीटर उरतात. त्यांना ०.१५ ने भागले की ७८ गाळे होतात, आणि गाळ्यांपेक्षा सळई नेहमी एक जास्त, म्हणून ७९. या सळया राफ्टच्या रुंदीच्या दिशेने, म्हणजे आखूड दिशेने टाकायच्या. दुसरीकडे ८.९० भागिले ०.१५ हे ५९.३३ येतात. इथे आकडा खाली आणायचा नाही, वर न्यायचा: ६० गाळे, ६१ सळया. त्यामुळे अंतर १५० मिमीपेक्षा किंचित कमी होते, आणि ते चालते. जास्त चालत नाही. या ६१ सळया लांब दिशेच्या. एका जाळीत ७९ आणि ६१, दोन जाळ्यांत १५८ आखूड आणि १२२ लांब.

प्रत्येक सळईची कापायची लांबी काढताना खरी गंमत दिसते. राफ्टच्या कडेला सळई काटकोनात वळवतात. फिटर त्याला एल म्हणतात. ३०० मिमी जाडीतून वरखालचे कव्हर गेल्यावर पाय २०० मिमीचा ठेवता येतो. मग लांब सळई ११.७० अधिक दोन पाय ०.४०, म्हणजे १२.१० मीटर. वाकवताना सळई बाकाच्या आतून वळसा घेते, म्हणून प्रत्येक काटकोनाला व्यासाच्या दुप्पट वजा करतात. दोन्ही मिळून जवळपास ५० मिमी. उरले १२.०५ मीटर. बाजारात सळई मिळते १२ मीटरची. म्हणजे केवळ ५० मिमीसाठी १२२ सळयांपैकी प्रत्येकीला जोड घ्यावा लागेल, आणि जोड म्हणजे ६०० मिमीचा लॅप. तो टाळायचा तर पाय २०० ऐवजी १७० मिमी करावा. मग सळई ११.९९ मीटर होते आणि अखंड १२ मीटरच्या सळईत बसते. हा बदल साइटवर परस्पर करू नये, इंजिनियरला दाखवून करावा. पण हा प्रश्न त्याच्यापर्यंत वेळेत पोहोचण्यासाठी लांबीचा हिशेब लोखंड मागवण्याआधी व्हायला हवा. राफ्टची लांबी ११.८० ऐवजी १२.२० असती, तर जोड टळलेच नसते आणि ते कुठे घ्यायचे हे ठरवावे लागले असते.

आखूड सळई ८.९० अधिक ०.३४ वजा ०.०५, म्हणजे जवळपास ९.२० मीटर. आता बेरीज: लांब १२२ गुणिले १२, म्हणजे १,४६४ मीटर, आणि आखूड १५८ गुणिले ९.२०, म्हणजे १,४५४ मीटर. एकूण २,९१८ मीटर. वजनासाठी साइटवरचे प्रसिद्ध सूत्र असे:

```
मीटरचे वजन (किलो) = व्यास × व्यास ÷ १६२
१२ × १२ ÷ १६२ = ०.८८९
२,९१८ × ०.८८९ = २,५९४ किलो
```

म्हणजे जवळपास २.६ टन. पडताळा म्हणून हे वजन काँक्रीटने भागावे: २,५९४ भागिले ३१.८६, घनमीटरला ८१ किलो. लहान इमारतीच्या राफ्टला हा आकडा साधारण याच्या आसपास असतो. तो चाळीस आला तर एक जाळी मोजायची राहून गेली, आणि दीडशेच्या पुढे गेला तर कुठे तरी दुप्पट मोजले, असे समजून हिशेब पुन्हा तपासावा. बांधायची तार टनाला आठ ते दहा किलो धरतात, म्हणजे इथे पंचवीस किलो. कॉलमच्या उभ्या सळया राफ्टमधूनच सुरू होतात, त्या या वजनात धरलेल्या नाहीत.

पण २.६ टन हे राफ्टमध्ये जाणारे लोखंड. दुकानातून आणायचे वेगळे. आखूड सळई १२ मीटरमधून ९.२० कापली की २.८० मीटरचा तुकडा उरतो. असे १५८ तुकडे, म्हणजे सुमारे ३९३ किलो. सगळ्या २८० सळया अखंड आणल्या तर खरेदी जवळजवळ तीन टन होते. या तुकड्यांचे काय करायचे, याचा विचार ठेकेदारावर सोडला तर ते भंगारात जातात. त्यांचा पहिला उपयोग चेअरसाठी. वरची जाळी हवेत राहू शकत नाही. तिला उचलून धरणाऱ्या वाकवलेल्या सळईच्या चेअर लागतात, दर चौरस मीटरला एक धरली तर १०६. एका २.८० मीटरच्या तुकड्यातून तीन चेअर निघतात, म्हणजे छत्तीस तुकडे सत्कारणी लागले. दुसरा उपयोग जोडसळईचा: ७ मीटरचा तुकडा आणि २.८० मीटरचा तुकडा, त्यात ६०० मिमीचा लॅप, म्हणजे बरोबर ९.२० मीटर. इथे लॅपच्या जागेचा नियम लगेच आडवा येतो. या राफ्टमध्ये कॉलमच्या ओळी राफ्टच्या कडेपासून सुमारे ०.६ मीटर आणि ४.५ मीटरवर आहेत. २.८० मीटरच्या तुकड्याचा लॅप कडेपासून २.१ ते २.७ मीटरच्या पट्ट्यात येतो, म्हणजे दोन ओळींच्या नेमका मध्ये. खालच्या जाळीला ही जागा योग्य, वरच्या जाळीला चुकीची. म्हणून जोडसळया खालच्या जाळीतच घालाव्यात, एक अखंड, एक जोडाची अशा क्रमाने, आणि वरच्या जाळीत ९.२० मीटरच्या अखंड सळया ठेवाव्यात.

तयार वेल्डेड जाळीचे तक्ते वापरले तर बांधणीची मजुरी वाचते, पण लॅपचा हिशेब मोठा होतो. ब्रिटनमध्ये असे तक्ते सहसा ४.८ बाय २.४ मीटरचे मिळतात. दोन्ही दिशांना ४०० मिमीचा लॅप घेतला, तर ११.५२ चौरस मीटरच्या तक्त्यातले ८.८ चौरस मीटरच झाकले जातात, म्हणजे क्षेत्रफळापेक्षा तीस टक्क्यांहून अधिक जाळी मागवावी लागते. नुसत्या क्षेत्रफळावरून जाळी मागवणाऱ्याला हमखास कमी पडते ती इथे. आपल्याकडे लहान घरांच्या कामावर मात्र जाळी सळया टाकून आणि तारेने बांधूनच होते.

लोखंड साइटवर आल्यावर आणि जाळी बांधून झाल्यावर घरमालकाला स्वतः पाहता येतील अशा गोष्टी मोजक्या आहेत. सळईचा बरोबर एक मीटरचा तुकडा कापून वजन करावे. १२ मिमीला ८८९ ग्रॅम यायला हवेत; आयएस १७८६ प्रमाणे एकट्या तुकड्याला सहा टक्क्यांपर्यंत कमी चालते, म्हणजे ८३५ च्या खाली गेलेला तुकडा नाकारावा. मग जाळीतल्या सळया मोजाव्यात. टेप कुठेही धरून एक गाळा पाहण्यात अर्थ नाही, कारण फिटर दिसतील तेवढे गाळे नीट ठेवू शकतो. एका कडेपासून दुसऱ्या कडेपर्यंत सगळ्या मोजाव्यात. ७९ ऐवजी ६८ भरल्या, तर अंतर १५० नसून १७५ ठेवले आहे, आणि दर सातातली एक सळई गेली आहे.

तिसरी गोष्ट जाळीची उंची. खालच्या जाळीखाली ५० मिमीचे सिमेंटचे कव्हर ब्लॉक साधारण मीटरभर अंतरावर हवेत. खडीचे खडे सरकवून काम भागवले असेल, तर काँक्रीट पडताच ते निसटतात आणि सळई पीसीसीवर टेकते. वरच्या जाळीचा धोका आणखी मोठा, कारण काँक्रीट करताना दहा-पंधरा माणसे तिच्यावरूनच चालतात. ती मुळात तळापासून २४४ मिमीवर असायला हवी. चेअर कमी पडून ती ५० मिमी खाली बसली, तर १९४ मिमीच उरतात आणि गाळ्याच्या मध्ये राफ्टची वाकण्याविरुद्धची ताकद जवळपास एक पंचमांशाने घटते. लोखंड तेवढेच, काँक्रीट तेवढेच, खर्चही तेवढाच. ताकद मात्र गेली. म्हणून चेअरवर काटकसर करणे हे या सगळ्या कामातले सर्वांत महाग पडणारे पाऊल आहे. चालण्यासाठी फळ्या टाकाव्यात आणि त्या चेअरच्या माथ्यावर येतील असे पाहावे.

काँक्रीटच्या दिवशी रेडीमिक्सची मागणी नोंदवताना ३१.८६ ला तीन टक्के वाढ धरली तर ३३ घनमीटर होतात. सहा घनमीटरच्या गाड्या असतील, तर पाच पूर्ण गाड्या आधी नक्की कराव्यात आणि सहावीचा आकडा मोकळा ठेवावा. चौथी गाडी रिकामी होत आली की राहिलेल्या भागाची लांबी-रुंदी टेपने मोजून, जाडीने गुणून, उरलेल्या दोन गाड्यांत किती हवे ते प्लांटला कळवावे. पीसीसीवर घेतलेल्या लेव्हलचा कागद इथे कामी येतो, कारण राहिलेला कोपरा खोल आहे की उंच, हे त्यावरून दिसते. आयएस ४५६ नुसार ३१ ते ५० घनमीटर काँक्रीटसाठी चार वेळा नमुना घ्यायचा असतो आणि प्रत्येक नमुन्याचे तीन क्यूब भरायचे असतात. म्हणून बारा साचे साइटवर आधीच आणून ठेवावेत. दुसऱ्या दिवशी कडेने मातीची आळी करून पाणी साठवावे, साध्या सिमेंटला किमान सात दिवस आणि फ्लाय अॅशच्या सिमेंटला दहा दिवस.

काम संपल्यावर गाड्यांच्या चलनांची बेरीज करून ती राफ्टच्या क्षेत्रफळाने भागावी. ३३ घनमीटर लागले असतील, तर सरासरी जाडी ३१० मिमी येते. दहा मिमी तळाच्या उंचसखलपणात आणि सांडण्यात गेले, असा त्याचा अर्थ. आणि बेरीज ३० घनमीटरच भरली, तर ३०० मिमीचा म्हणून घातलेला राफ्ट सरासरी २८२ मिमीचाच झाला आहे, आणि कॉलमचे काम सुरू होण्याआधी ही गोष्ट इंजिनियरला सांगायलाच हवी.